पेल्याच्या तळाशी राहिलेली पांढरी रेती

भाच्यानं पिऊन ठेवलेला पेला विसळायला घेतला आणि मी थबकले. वर जांभळट पाण्याचे दोन-चार थेंब, आणि तळाशी बारीक पांढऱ्या रेतीचा थर. गेले दोन महिने तो रोज व्यायामशाळेतून आला की फ्रीजमधल्या थंडगार पाण्यात ‘काला खट्टा’ चवीचं क्रिएटिन ढवळून पितो. तो थर दाखवल्यावर म्हणाला, “अगं मावशी, ते रोजच खाली राहतं. साखर असेल न विरघळलेली.”

डबा मागवून पाहिला. त्यात साखर नव्हतीच. सरबताच्या पावडरी बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे डब्याच्या मागची बारीक अक्षरं मला सवयीनं वाचता येतात. ज्या पदार्थासाठी त्यानं पैसे मोजले होते तोच रोज थोडा थोडा बेसिनमध्ये जात होता. त्याच्या पोटात न चुकता पोचत होते ते रंग, आंबटपणा आणि गोडवा.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण साध्या आणि चवीच्या क्रिएटिनमधला निम्मा फरक त्यातच आहे. बाजारात मिळतं ते क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू धरून ठेवणारे पांढरे स्फटिक. ते पाण्यात फार नाखुशीनं विरघळतात. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम क्रिएटिन मावतं. फ्रीजमधल्या ४ अंशाच्या पाण्यात जेमतेम ६ ग्रॅम. आता पेल्याचा हिशोब करू. पाणी पाव लिटर, क्रिएटिन ३ ग्रॅम. पाणी माठातलं असेल आणि नीट ढवळलं तर सगळं विरघळायला जागा आहे. तेच पाणी फ्रीजमधलं असेल तर त्यात दीड ग्रॅमच मावेल. उरलेलं दीड ग्रॅम कितीही ढवळा, तळाशी बसणार.

गोडवा आणणारे पदार्थ, आंबटपणा आणि रंग मात्र थंड पाण्यातही क्षणात विरघळतात. त्यामुळे पेला पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत सारखाच जांभळा आणि सारखाच गोड लागतो, आणि पिणाऱ्याला वाटतं की सगळं पोटात गेलं. साधी पावडर पिणाऱ्याची अशी फसगत सहसा होत नाही. पाणी गढूळ दिसतं, रेती दिसते, दाताखाली करकरते. न विरघळलेलं क्रिएटिन गिळलं तरी ते वाया जात नाही. पोटात आणि आतड्यात पुढं भरपूर पाणी मिळतं. वाया जातं ते पेल्यात राहिलेलं. म्हणून पिऊन झाल्यावर त्याच पेल्यात थोडं पाणी घालून, फिरवून ते पिऊन टाकायचं. एवढं एक केलं तरी भाच्याचे निम्मे पैसे वसूल होतील.

यातून खरेपणाची एक ढोबळ खूणही मिळते. साधं, बिनचवीचं म्हणून विकलेलं ५ ग्रॅम क्रिएटिन अर्धा पेला थंड पाण्यात दोन फेऱ्यांत नाहीसं झालं, तर खूश होण्याऐवजी शंका घ्यावी. अतिबारीक दळलेली पावडर पाण्यात पटकन पसरते, हे खरं. पण पाण्यात किती मावतं हा नियम दळण्यानं बदलत नाही. झटकन विरघळणारे पांढरे पदार्थ साखरेच्या जातकुळीतले असतात.

क्रिएटिन आपल्याला परकं नाही. शरीर ते स्वतः बनवतं आणि मांस-मासळीतूनही मिळतं. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३२ साली ते मांसातूनच वेगळं काढलं आणि मांसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. डब्यातलं क्रिएटिन मात्र कारखान्यात रसायनांपासून बनतं, प्राण्यांपासून नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाला त्याची अडचण नसावी. स्नायूंना काही सेकंदांचा जोर एकदम लावावा लागतो तेव्हा क्रिएटिनचा साठा कामी येतो. हा साठा एका पेल्यानं वाढत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतात. म्हणून ते व्यायामाआधी घेतलं की नंतर, यापेक्षा रोज पुरेसं पोचलं का, हे महत्त्वाचं.

या ‘पुरेसं’पाशी डब्याची मागची बाजू कामाला येते. भाच्याच्या डब्यावर पुढं मोठ्या अक्षरांत क्रिएटिन लिहिलेलं, वजन २५० ग्रॅम. मागं लिहिलेलं की एका वेळचं माप ५ ग्रॅम आणि त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट ३ ग्रॅम. याचा अर्थ ५० मापं, एकूण क्रिएटिन १५० ग्रॅम, आणि उरलेले १०० ग्रॅम दुसरं काहीतरी. शेजारच्या फळीवर साध्या क्रिएटिनचाही २५० ग्रॅमचा डबा असतो. त्यात २५० ग्रॅम क्रिएटिनच असतं. ३ ग्रॅमच्या मापानं ८३ दिवस पुरतं. समजा दोन्ही डबे ७५० रुपयांना आहेत. साध्यात एक ग्रॅम क्रिएटिन ३ रुपयांना पडलं, चवीच्यात ५ रुपयांना. दुकानात डब्याचं वजन आणि किंमत पाहण्यापेक्षा हा एक भागाकार करावा: किंमत भागिले मापांची संख्या, आणि त्याला पुन्हा एका मापातल्या क्रिएटिनच्या ग्रॅमनं भागायचं.

एका मापात क्रिएटिन किती हा आकडा लिहिलेलाच नसेल, फक्त ‘क्रिएटिन ब्लेंड’ किंवा ‘मॅट्रिक्स’ एवढंच म्हणून पाच-सहा प्रकारांच्या क्रिएटिनची नावं एका बेरजेत गुंफलेली असतील, तर तो डबा मी खाली ठेवते. हायड्रोक्लोराइड, मॅलेट वगैरे प्रकार पाण्यात जास्त विरघळतात, पण मोनोहायड्रेटपेक्षा ते स्नायूंसाठी सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. बेरजेत लपवलं की कोणतं किती घातलं हे ग्राहकाला कळायचा मार्ग उरत नाही.

आता ते उरलेले २ ग्रॅम. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, त्यामुळे ती वरून खाली वाचली की सगळं उलगडतं. भाच्याच्या डब्यावर क्रिएटिननंतर माल्टोडेक्स्ट्रिन होतं, मग सायट्रिक आणि मॅलिक आम्ल, मग स्वाद, मग पावडर मोकळी ठेवणारं सिलिकॉन डायऑक्साइड, मग गोडवा आणणारे ९५५ आणि ९५० क्रमांकाचे पदार्थ, आणि शेवटी १२२ आणि १३३ हे रंग.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या स्टार्चचे तुकडे करून बनवलेली, फारशी गोड नसलेली पांढरी भुकटी. ती इथं दोन वाटांनी येते. एक तर थेट भर म्हणून. दुसरी वाट लोकांना माहीत नसते: पावडरीतला ‘स्वाद’ हा सुगंधी तेलाचे सूक्ष्म थेंब माल्टोडेक्स्ट्रिनच्या किंवा डिंकाच्या कवचात बंद करून वाळवलेला असतो, त्यामुळे स्वादाच्या वजनातही मोठा वाटा या वाहकाचाच. एखाद्या मापातल्या ग्रॅमभर माल्टोडेक्स्ट्रिननं ४ कॅलरी मिळतात. मधुमेह असलेल्यानंही त्याची धास्ती घ्यावी असं त्यात काही नाही.

पण त्याच्या नावावर एक दावा केला जातो, त्याबद्दल बोललंच पाहिजे. ‘कार्बोहायड्रेटमुळे क्रिएटिन स्नायूंत जास्त शोषलं जातं’ असं काही डब्यांवर असतं. याचं मूळ १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे, आणि प्रयोग खरा आहे. त्यात क्रिएटिनबरोबर साखर दिलेल्यांच्या स्नायूंत नुसतं क्रिएटिन घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त साठा झाला. गोडव्याच्या क्रिएटिनची पहिली लाट त्यातूनच आली. मात्र त्या प्रयोगात ५ ग्रॅम क्रिएटिनमागे ९३ ग्रॅम कार्बोहायड्रेट होतं, आणि असं दिवसातून चार वेळा. म्हणजे दिवसाला पावकिलोच्या वर, जवळजवळ ३७० ग्रॅम साखर. एका ग्रॅमच्या माल्टोडेक्स्ट्रिननं त्या परिणामाची अपेक्षा करणं म्हणजे चिमूटभर मिठानं हंडाभर आमटी खारट करण्यासारखं आहे. आणि नुसतं क्रिएटिन रोज घेत राहिलं तरी महिन्याभरात साठा भरतोच, मग साखरेची घाई कुणासाठी?

यादीतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा जोड-घटक आम्ल आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सगळे रंग आणि स्वीटनरवर वाद घालतात. फळाची चव नुसत्या सुगंधानं आणि गोडव्यानं उभी राहत नाही. आंबटपणा नसेल तर संत्र्याचा स्वाद औषधाच्या गोळीसारखा लागतो. म्हणून लिंबू, कैरी, संत्रं, काला खट्टा अशा सगळ्या चवींत सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, सढळ हातानं घालावं लागतं. कोरडं असताना त्याचं आणि क्रिएटिनचं काही बिनसत नाही. साधी क्रिएटिन पावडर तर ४० अंश तापमानातही वर्षानुवर्षं टिकते. पण दोन्ही पाण्यात गेले की आम्लाच्या संगतीत क्रिएटिन हळूहळू आपल्यातलं पाणी सोडून क्रिएटिनिन नावाच्या वेगळ्या पदार्थात बदलू लागतं. स्नायूंना त्याचा उपयोग नाही. मूत्रपिंड ते बाहेर टाकतात. हा वेग मोजलेला आहे. २५ अंशाला तीन दिवस ठेवलेल्या द्रावणात, पीएच साडेपाच असेल तर सुमारे ४ टक्के क्रिएटिन गेलं, साडेचार असेल तर १२ टक्के, आणि साडेतीन असेल तर २१ टक्के. पीएच जितका कमी तितकं आंबट. लिंबाच्या चवीचं चांगलं आंबट पेय या शेवटच्या आकड्याच्या आसपास बसतं.

याचा अर्थ घाबरायचा नाही, नीट लावायचा. पेला ढवळून दहा मिनिटांत प्यायलं तर काहीही बिघडत नाही. पोटातलं आम्ल याहून तीव्र असतं, पण इतक्या तीव्र आम्लात हा बदल उलट मंदावतो, आणि क्रिएटिन तिथं फार वेळ थांबतही नाही. अडचण होते ती सकाळी बाटली भरून ती गाडीच्या डिकीत टाकून संध्याकाळी पिणाऱ्यांची. मे महिन्यात डिकीतलं तापमान २५ अंशांच्या किती वर जातं हे वेगळं सांगायला नको, आणि उष्णतेनं हा बदल वेग घेतो. आठवड्याची बाटली एकदम करून फ्रीजमध्ये ठेवणारेही भेटले आहेत. थंडीनं बदल मंदावतो, पण मग क्रिएटिन तळाशी बसतं. याच कारणानं ओलसर, आंबट आणि बनवताना गरम करावी लागणारी क्रिएटिनची गमी मला पटत नाही. पाणी, आम्ल आणि उष्णता, क्रिएटिनला नको असलेल्या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आलेल्या असतात.

गोडव्याकडे वळते. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९५० म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम. दोघं जोडीनं का, तर एसेसल्फेमचा गोडवा जिभेवर लगेच उमटतो पण मागं किंचित कडवट लागतो. सुक्रालोजचा गोडवा उशिरा येतो आणि रेंगाळतो. एकत्र केले की दोघांचे दोष झाकले जातात. सुक्रालोजच्या शोधाची गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचा तरुण संशोधक साखरेपासून बनवलेल्या क्लोरीनयुक्त रसायनांवर काम करत होता. एक नमुना ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपास, असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं ऐकलं ‘चाखून बघ’. इंग्रजीतले ते दोन्ही शब्द आपण मराठीत लिहितोही सारखेच! त्यानं चाखलं, आणि ते विलक्षण गोड निघालं. साखरेच्या सुमारे सहाशे पट.

या सहाशेच्या आकड्यावरूनच पेल्यात सुक्रालोज किती असेल याचा अंदाज बांधता येतो. पाव लिटर सरबत नीट गोड व्हायला साधारण २० ग्रॅम साखर लागते. तिला सहाशेनं भागलं की ३३ मिलिग्रॅम. म्हणजे सगळा गोडवा एकट्या सुक्रालोजचा धरला तरी पेल्यात तेवढंच. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी जी मर्यादा ठरवली जाते ती आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या मते वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम आहे, आणि अमेरिकेत त्याहून कडक, ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला कडक हिशोबानंही ३०० मिलिग्रॅम. दिवसाला एक पेला घेणारा यापासून खूप लांब आहे.

हिशोब बदलतो तो ‘लोडिंग’ करताना. पहिले पाच-सात दिवस २० ग्रॅम क्रिएटिन रोज घ्यायची एक पद्धत आहे. साध्या पावडरीत ते फक्त जास्त चमचे असतात. भाच्याच्या डब्यातून २० ग्रॅम गाठायला जवळजवळ सात मापं लागतील: सुक्रालोज २३० मिलिग्रॅमच्या घरात, आणि लिंबूसत्त्वाचे सात पेले दातांवरून आणि जठरातून जाणार. त्यात त्याच दिवशी चवीचं व्हे प्रोटीन, व्यायामाआधीचं पेय आणि एखादा ‘झीरो शुगर’ कॅन घेतला, तर तिथंही हीच दोन नावं सापडतील. ती मर्यादा ओलांडली म्हणून लगेच काही होतं असं नाही. पण इस्रायलमध्ये १२० निरोगी माणसांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मर्यादेच्या आतल्या सुक्रालोजनंही दोन आठवड्यांत रक्तातल्या साखरेचा प्रतिसाद बिघडल्याचं दिसलं. सगळ्यांत सारखा नव्हे. ज्याच्या त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ते अवलंबून होतं. म्हणून चवीचं क्रिएटिन घ्यायचं असेल तर लोडिंग करू नये, असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. घाईचं कारणही नाही. रोजच्या ३ ग्रॅमनं महिन्याभरात साठा तितकाच होतो.

काही डब्यांत ९५१ असतं, म्हणजे अस्पार्टेम. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते पूर्ण वर्ज्य आहे आणि तशी सूचना डब्यावर असते.

रंगांबद्दल माझं मत कडक आहे. आम्लाला चवीसाठी काम आहे, गोडव्याला काम आहे. रंगाला पेल्यात काहीच काम नाही. मात्रा काही मिलिग्रॅमचीच असते, प्रौढ निरोगी माणसाला त्यानं इजा होईल असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणानं मुलांची चंचलता वाढल्याचं दिसलं, आणि २०१० पासून युरोपात त्यातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या लक्षावर आणि वागण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. भाच्याच्या डब्यातलं १२२, म्हणजे कार्मोइसिन, त्या सहांत आहे. पिवळ्या आणि केशरी चवींत आढळणारे १०२ आणि ११० हेही आहेत. काहींना १०२ नं, म्हणजे टार्ट्राझिननं, अंगावर पित्त उठतं. त्याच कंपनीच्या बिनरंगाच्या चवी असतात, किंवा बीटचा रंग वापरलेल्या. तोच स्वाद रंगाशिवाय मिळत असेल तर तो घ्यावा, आणि घरात लहान मुलं ‘दादाचं सरबत’ मागत असतील तर जास्तच.

रक्ततपासणी करायची असेल तर मात्र डबा कोणताही असो, क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना आधी सांगावं. मूत्रपिंडं चांगली असूनही क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो. आधीच मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन सुरूच करू नये.

चवीच्या डब्याचा पावसाळ्यातला स्वभावही वेगळा. लिंबूसत्त्व आणि माल्टोडेक्स्ट्रिन हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये झाकण सैल राहिलं की त्याचे गोळे होतात. गोळा झाला म्हणजे क्रिएटिन नासलं असं नाही, पण मोजमाप बिघडतं: गोळ्यांनी भरलेल्या मापात मध्ये पोकळ्या राहतात. प्रवासात डबा हलून बारीक कण खाली आणि जाड कण वर असंही होतं, मग पहिली मापं सपक आणि शेवटची जहाल. डबा उघडण्याआधी दोन-चार वेळा उलटापालटा करावा, आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर मापाऐवजी वजन करावं.

चवीच्या बाजूनं एक गोष्ट मनापासून मान्य करते. काहींना साधी पावडर नकोशी होते. रेतीसारखी लागते, किंचित कडवट लागते, आणि चार दिवसांत सुटते. सुटलेल्या साध्या डब्यापेक्षा रोज संपणारा चवीचा डबा चांगला. पण साध्या पावडरीला चवच जवळजवळ नसल्यामुळे ती कशातही जाते, हे लोक विसरतात. ६० अंशाच्या एक लिटर पाण्यात ४५ ग्रॅम क्रिएटिन विरघळतं. म्हणजे पिण्याजोग्या गरम, शंभर मिलिलिटरच्या चहाच्या कपात ३ ग्रॅम क्रिएटिन एकही कण न सोडता विरघळून जातं, आणि पाच मिनिटांत चहा संपतो तोवर त्याचं काही बिघडत नाही. काला खट्टा चवीचं माप त्या चहात टाकलं तर लिंबूसत्त्वानं दूध फाटेल.

भाच्यानं नवा डबा साधा आणला आहे. सकाळच्या चहात एक सपाट चमचा टाकतो. वजनकाट्यावर एकदा मोजून घेतलं, त्याच्या चमच्यात ३ ग्रॅम बसतं. परवा कप विसळताना मी मुद्दाम तळ पाहिला. चहापत्तीचे दोन कण होते.